रुसलेल्या मुलाला फोटोत हसवायचं असेल तर

घरातल्या सात जणांचा एक फोटो माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. सहा जण छान हसताहेत आणि मधोमध माझा चार वर्षांचा पुतण्या कपाळाला आठ्या घालून, खालचा ओठ पुढे काढून उभा. बूट चावत होते म्हणे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याला जरा हसवता येईल का?" मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. फोटो उघडला, ओठांचे दोन्ही कोपरे धरून वर ओढले, आणि खरंच दहा मिनिटांत पाठवून दिला.

वहिनींचा फोन लगेच आला. "हा हसतोय की काहीतरी कट रचतोय?"

फोटो पुन्हा पाहिला तेव्हा मलाही तेच दिसलं. तोंड हसत होतं, पण मुलगा हसत नव्हता. पुढे तोच फोटो नीट करायला दोन संध्याकाळी गेल्या. त्या दोन संध्याकाळींत जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे. मी जिंप (GIMP) हा मोफत प्रोग्राम वापरला. लेयर म्हणजे फोटोचे एकावर एक ठेवलेले थर, आणि मास्क म्हणजे थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा. हे दोन्ही देणारा दुसरा कुठलाही प्रोग्राम असेल तरी पायऱ्या याच राहतील, फक्त मेनूंची नावं बदलतील.

## काय काय लागेल

- फोटोची मूळ फाइल, कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट घेतलेली. मेसेजिंग ॲपवरून आलेली प्रत दाबून लहान झालेली असते. तिच्यात चेहऱ्याला पुरेसे पिक्सेलच उरत नाहीत.
- त्याच वेळी काढलेले बाकीचे सगळे शॉट, फसलेलेसुद्धा. कोणी डिलीट केले असतील तर आधी ट्रॅश बघा.
- लेयर, मास्क आणि वार्पची, म्हणजे फोटोचा एखादा भाग ओढून सरकवायची, सोय असलेला प्रोग्राम.
- त्या मुलाचे खरे हसतानाचे तीन-चार फोटो, फक्त समोर ठेवून बघायला.
- मुलाला रोज बघणारं एक माणूस. हे सगळ्यात शेवटी लागतं, पण लागतंच.

## १. आधी हे बघा: हसू तोंडात नसतं

ही पायरी हाताने करायची नाही, पण ही सोडली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतात. माझ्या चुकल्या होत्या.

आपण हसतो तेव्हा गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका गेलेला एक स्नायू आखडतो. तो कोपरा नुसता वर नेत नाही, वर आणि बाहेर, कानाच्या दिशेने नेतो. त्याबरोबर ओठ ताणले जाऊन पातळ होतात. गाल वर सरकून गोल होतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते. आणि खरं, मनातून आलेलं हसू असेल तर डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आखडतो, खालची पापणी थोडी वर येते आणि डोळे बारीक होतात.

रुसलेल्या चेहऱ्यात नेमकं उलटं चालू असतं. भुवया आत आणि खाली ओढलेल्या, ओठांचे कोपरे खाली, आणि हनुवटीचा स्नायू खालच्या ओठाला वर ढकलत असल्यामुळे हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे. मी पहिल्या प्रयत्नात फक्त ओठांचे कोपरे वर नेले. वरच्या भुवया, डोळे आणि खालची हनुवटी रागावलेलीच राहिली. एकाच चेहऱ्यावर दोन भावना एकमेकींना खोडत उभ्या होत्या.

हे नवीन नाही. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एका वृद्धाच्या चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन एकेक स्नायू आखडवला आणि त्याचे फोटो काढले. फक्त गालाच्या स्नायूला वीज दिली की ओठ हसायचे, डोळे नाही. डार्विनने त्याच माणसाचे दोन फोटो, एक खऱ्या हसण्याचा आणि एक विजेने आणलेल्या हसण्याचा, लोकांना दाखवले आणि १८७२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. खरं हसू लोकांनी ओळखलं. विजेचं हसू पाहणाऱ्या २४ जणांपैकी तिघांना तर ते काय आहे हे सांगताच आलं नाही. बाकीच्यांना हसण्यासारखं काहीतरी दिसलं, पण कोणी दुष्ट थट्टा म्हटलं, कोणी हसायचा प्रयत्न म्हटलं. मी संगणकावर कोपरे ओढून जे केलं ते याहून वेगळं नव्हतं. वहिनींचं 'कट रचतोय' हे त्या दुष्ट थट्टेच्या फार जवळचं आहे.

दुसरी गोष्ट अशी की मेंदू चेहरा तुकड्यातुकड्यांनी वाचत नाही, एकदम वाचतो. एका माणसाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर नीट जुळवून ठेवला, की तो वरचा माणूस ओळखीचा असला तरी पटकन ओळखू येत नाही, कारण डोळ्यांना तिसराच कोणीतरी दिसायला लागतो. तेच भाग थोडे बाजूला सरकवले की ओळख परत येते. रुसलेल्या डोळ्यांखाली हसरं तोंड बसवलं की तसंच होतं. आपला मुलगा थोडासा दुसराच कोणीतरी वाटायला लागतो.

आणि 'जवळजवळ बरोबर' हे 'साफ चुकीचं'पेक्षा जास्त टोचतं. यंत्रमानवांवर काम करणारे जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यावर लिहिलं. बाहुली माणसासारखी होत गेली की आधी आवडत जाते, पण अगदी माणसासारखी होण्याच्या जरा अलीकडे ती अचानक अंगावर काटा आणते. पेन्सिलीने मिशी काढलेला फोटो बघून कोणी दचकत नाही. ९५ टक्के खरं असलेलं हसू मात्र नजरेत खुपतं.

यातून कामाचा नियम एकच निघतो. हसू आणायचं तर पूर्ण चेहरा एकाच क्षणाचा हवा. ते जमत नसेल तर हसू आणायचा हट्ट सोडून फक्त रुसवा कमी करायचा.

## २. दुसऱ्या शॉटमधला चेहरा शोधा

घरगुती फोटो सहसा एकच काढला जात नाही. माझ्या केसमध्ये तीन मिनिटांत काढलेले ११ शॉट होते. मुलगा त्यातल्या एकात हसत होता, पण त्याच शॉटमध्ये आजीचे डोळे मिटलेले होते, म्हणून तो बाजूला पडला होता. फसलेले शॉट मागून घ्या म्हटलं ते याच्यासाठी.

हसरा शॉट सापडला की लगेच कापाकापी सुरू करू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, मान किती वळली आहे. दोन्ही शॉटमध्ये नाकाचा शेंडा दोन डोळ्यांच्या मधोमध कुठे येतो ते बघा. एकात अगदी मध्ये आणि दुसऱ्यात एका डोळ्याकडे झुकलेला असेल तर मान वळलेली आहे. मान उजवी-डावीकडे कलली असेल तर फोटो फिरवून सरळ करता येते, पण वळलेली मान सरळ करता येत नाही, कारण चेहऱ्याची दुसरीच बाजू कॅमेऱ्याला दिसलेली असते. असा शॉट सोडून द्या.

दुसरी, उजेड. नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे आणि बुबुळात चमकणारा पांढरा ठिपका कुठे आहे, हे दोन्हींत सारखं हवं. ढग आला-गेला तर सावलीची धार बदलते. सावली कडक असलेल्या फोटोत मऊ सावलीचा चेहरा बसवला तर तो कायम चिकटवल्यासारखा दिसतो.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे शरीर. माझा पुतण्या रुसलेल्या शॉटमध्ये खांदे वर करून, मुठी आवळून उभा होता. त्याच्यावर नुसता हसरा चेहरा ठेवला असता तर पुन्हा तीच गंमत झाली असती, फक्त तोंड आणि डोळ्यांच्या ऐवजी डोकं आणि धड यांच्यात. म्हणून मी ठरवलं की चेहरा नाही, कमरेपर्यंतचा पूर्ण मुलगा उचलायचा.

दुसऱ्या दिवशीच्या, दुसऱ्या जागेच्या फोटोतला चेहरा घेता येतो का? मी दोनदा प्रयत्न केला आहे आणि दोन्ही वेळा सोडून दिला. उजेड, लेन्सचं अंतर, फोटोतले दाणे, सगळंच वेगळं असतं. त्यापेक्षा पाचवी पायरी बरी.

## ३. दोन शॉट एकावर एक बसवा

मुख्य फोटो उघडा. मग `File` मेनूतून `Open as Layers` निवडून हसरा शॉट त्याच्यावर आणा. आता वरच्या लेयरचा `Mode` बदलून `Difference` करा. दोन्ही लेयर जिथे तंतोतंत जुळतात तिथे काळं दिसतं, जिथे जुळत नाहीत तिथे उजळ कडा दिसतात. मागची भिंत किंवा खिडकीची चौकट यांच्या कडा काळ्या होईपर्यंत वरचा लेयर सरकवा. कॅमेरा स्टँडवर असेल तर सरकवावंच लागत नाही. हातात असेल तर थोडं सरकवणं, थोडं फिरवणं लागतं.

इथे एक फसगत आहे. मागचं जुळलं म्हणजे मुलगा जुळला असं नाही. माझ्याकडे तो दोन शॉटच्या मध्ये अर्धं पाऊल पुढे आला होता, म्हणजे हसऱ्या शॉटमध्ये तो थोडा मोठा दिसत होता. किती मोठा ते डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. `Measure` साधन घ्या आणि एका डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यापर्यंत ओढा. ते अंतर पिक्सेलमध्ये आणि तिरकेपणा अंशांत सांगतं.

माझी मोजमापं अशी होती. रुसलेल्या शॉटमध्ये बाहुल्यांमधलं अंतर १७६ पिक्सेल, हसऱ्यामध्ये १८१. म्हणजे १७६ भागिले १८१, साधारण ०.९७. हसरा मुलगा ९७ टक्क्यांवर आणायचा. डोळ्यांची रेघ ४ अंशांनी कललेली होती, पण ती मी तशीच ठेवली. हसताना मूल डोकं थोडं कलतं करतं, आणि ते सरळ केलं तर खांदे वाकडे झाले असते.

बाहुल्यांचं अंतर मान वळली की कमी दिसतं, त्यामुळे एकाच मापावर विसंबू नका. डोळ्यांच्या रेघेपासून नाकाच्या बुडापर्यंतचं अंतरही मोजा. दोन्ही मापांतून साधारण सारखाच आकडा आला तर मान वळलेली नाही आणि तुमचं प्रमाण बरोबर आहे. हनुवटीपर्यंत मात्र मोजू नका. हसताना जबडा उघडतो आणि हनुवटी खाली जाते, म्हणून ते माप खोटं निघतं.

लहान करणं, फिरवणं आणि सरकवणं हे सगळं `Unified Transform` वापरून एकाच वेळी करा. प्रत्येक वेळी बदल लागू केला की पिक्सेल नव्याने मिसळले जातात आणि चेहरा जरासा मऊ होतो. चार वेळा केलं तर बाकी सहा चेहरे कोरीव आणि आपला मुलगा धुक्यातला, असं दिसतं. झालं की `Mode` परत `Normal` करायला विसरू नका.

## ४. मास्क लावा, आणि कापायची रेघ विचारपूर्वक निवडा

वरच्या लेयरला `Add Layer Mask` द्या आणि काळा मास्क निवडा. वरचा लेयर पूर्ण लपेल. आता मऊ कडेच्या ब्रशने मास्कवर पांढरा रंग फिरवला की तेवढ्या भागापुरता हसरा मुलगा वर येईल. जास्त झालं तर काळ्याने परत लपवा. खोडरबर वापरून लेयरच पुसू नका, मग परत फिरता येत नाही.

रेघ कुठून जावी हा इथला सगळा खेळ आहे. गालावरून किंवा कपाळावरून कधीही नको. कातडीवर रंगाचा हलकासा फरकही डोळ्यांना कळतो. रेघ अशा ठिकाणाहून न्या जिथे मुळातच कड आहे: केसांची बाहेरची रेषा, कॉलर, बाहीची शिवण, किंवा सपाट भिंत. भिंतीवरून जात असेल तर ब्रश मोठा आणि मऊ, कॉलरवरून जात असेल तर लहान आणि थोडा कडक.

माझ्याकडे एक अडचण अशी आली की रुसलेल्या शॉटमध्ये आजीचा हात मुलाच्या खांद्यावर होता आणि हसऱ्या शॉटमध्ये तो चार बोटं खाली सरकला होता. पहिल्या मास्कनंतर आजीला सहा बोटं दिसत होती. अशा वेळी एकच शॉट निवडा आणि तो पूर्ण हात, मनगटासकट, त्याच शॉटमधून येऊ द्या. मी हसऱ्या शॉटमधला हात घेतला आणि रेघ आजीच्या बाहीच्या काठावरून नेली. हात आणि मुलगा यांच्यामधली छोटी सावलीही त्याच शॉटमधली राहिली. ती राहिली नसती तर हात खांद्यावर टेकलेला न वाटता हवेत तरंगला असता.

रंगात फरक असेल तर `Colors` मेनूतलं `Levels` किंवा `Curves` वरच्या लेयरवर वापरा. जुळवताना मुलाची कातडी बघू नका, दोन्ही शॉटमध्ये असलेली एखादी राखाडी किंवा पांढरी वस्तू बघा, शर्टाची कॉलर वगैरे. हसताना चेहरा खरोखरच थोडा लालसर होतो. तो लालपणा घालवाल तर हसू निस्तेज होईल.

दुसरा शॉट असेल तर काम इथे संपलं, पुढची पायरी सोडा आणि थेट सहावीकडे जा.

## ५. दुसरा शॉट नसेलच तर: हसू नको, रुसवा कमी करा

एकच फोटो आहे आणि त्यात मूल रुसलेलं आहे. या वेळी ध्येय बदला. रुसलेलं मूल शांत दिसू लागलं तर फोटो सुधारतो. त्याच मुलाला खदखदून हसवायला गेलात तर फोटो बिघडतो. मी त्याच फोटोवर सरावासाठी हेही करून पाहिलं, आणि क्रम नेहमीच्या उलट ठेवला: तोंड सगळ्यात शेवटी.

आधी लेयरची प्रत काढा. त्या प्रतीवर `Heal` साधनाने भुवयांमधल्या उभ्या आठ्या पूर्ण घालवा, आणि मग त्या लेयरची `Opacity` ६० टक्क्यांपर्यंत खाली आणा. थेट पुसून टाकल्या तर कपाळ प्लास्टिकचं दिसतं. अर्धवट ठेवल्या तर मूल विचारात असल्यासारखं दिसतं, आणि ते चालतं. हनुवटीवरच्या खळग्यांना हीच युक्ती लावा. ही खळगे काढायची गोष्ट छोटी वाटते, पण माझ्या मते पूर्ण दुरुस्तीतला सगळ्यात मोठा फरक तिनेच पडला. खालच्या ओठाचा राग हनुवटीत असतो.

मग `Warp Transform` घ्या आणि `Move pixels` निवडा. ब्रशचा आकार महत्त्वाचा. तो तोंडाएवढा नको, साधारण अर्ध्या गालाएवढा ठेवा. छोट्या ब्रशने ओढलं की ओठाच्या कोपऱ्याला टोक येतं, विदूषकासारखं. मोठ्या ब्रशने कोपऱ्याबरोबर गालही थोडा हलतो, आणि खऱ्या चेहऱ्यात तसंच होतं. `Strength` कमी ठेवा आणि एकदा जोरात ओढण्यापेक्षा तीन-चार हलके फटके द्या.

- भुवयांची आतली टोकं: किंचित वर आणि बाहेर.
- खालची पापणी: मधोमध अगदी थोडी वर. एवढ्याने डोळे सौम्य होतात.
- ओठांचे कोपरे: वर आणि बाहेर, कानाच्या पाळीच्या दिशेने.
- खालचा ओठ: पुढे आलेला असेल तर त्याची खालची कड थोडी वर, म्हणजे जाडी कमी होईल.

किती सरकवायचं? माझ्या फोटोत तोंडाची रुंदी १२० पिक्सेल होती. मी प्रत्येक कोपरा ६ पिक्सेल वर आणि ४ बाहेर नेला, म्हणजे तोंडाच्या रुंदीच्या साधारण पाच टक्के. दहा टक्क्यांवर गेलो तेव्हा पुन्हा कटवाला मुलगा हजर. दोन्ही कोपरे अगदी सारखे हलवू नका. मुलाचे खरे हसतानाचे फोटो बघा, बहुतेकांचं एका बाजूचं हसू थोडं जास्त वर जातं. माझ्या पुतण्याचं डावीकडे जातं. मी दोन्ही बाजू मोजून सारख्या केल्या होत्या, आणि नेमकं तेच वहिनींना 'त्याचं नाही' असं वाटलं होतं.

दात कधीही घालू नका. मिटलेल्या तोंडाच्या फोटोत दातांची माहितीच नसते, ती कुठून तरी आणावी लागते. चार वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात लहान असतात, पुष्कळदा मध्ये फटी असतात. तिथे मोठ्या माणसाची सलग दंतपंक्ती आली की मूल एकदम पस्तिशीचं दिसतं. एका बटणात हसू आणून देणारी ॲप इथेच घसरतात. ती दात आणतात, गाल गुळगुळीत करतात आणि चेहरा सुंदर पण अनोळखी करून ठेवतात.

काही फोटोंना हात लावू नका: मूल रडतंय आणि चेहरा पिळवटलेला आहे, चेहरा पूर्ण बाजूने दिसतोय, किंवा चेहरा जेमतेम शंभर पिक्सेलचा आहे. शेवटच्या प्रकारात पापणी दोन-तीन पिक्सेलची असते. तिला हलवायला जागाच नाही.

## ६. तपासायची पद्धत, आणि तिच्यातली एक चूक

बराच वेळ एकाच चेहऱ्याकडे बघितलं की डोळे सरावतात आणि काहीही बरोबर वाटायला लागतं. म्हणून रात्री फाइल बंद करा आणि सकाळी पहिल्या दोन सेकंदांत काय वाटलं ते लक्षात ठेवा. झूम करूनही तपासू नका. फोटो भिंतीवर जितका दिसणार आहे तितकाच करून बघा.

फोटो उलटा करून तपासा असा सल्ला सगळीकडे मिळतो. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. डावं-उजवं उलटवलं, आरशासारखं, की नजर ताजी होते आणि वाकडेपणा दिसतो. पण डोकं खाली-पाय वर केलं तर हावभावातली चूक दिसायच्या ऐवजी लपते. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर हे दाखवलं. त्यांनी डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. फोटो खाली डोकं-वर पाय असताना तो ठीकठाक दिसतो, आणि सरळ केला की बघवत नाही. उलटा चेहरा आपण नेहमीसारखा एकदम वाचू शकत नाही, म्हणून भागांमधला विसंवाद कळत नाही. तेव्हा फोटो उलटा कराच, पण फक्त मास्कच्या कडा आणि रंगाचे डाग शोधायला. हसू तपासायचं ते सरळ फोटोतच.

आणखी एक चाचणी मला उपयोगी पडली. हाताने आधी चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाका आणि डोळे काय सांगतात ते बघा. मग वरचा झाका आणि तोंड काय सांगतं ते बघा. दोन्ही उत्तरं एकच आली पाहिजेत. माझ्या पहिल्या फोटोत डोळे म्हणत होते "घरी चला" आणि तोंड म्हणत होतं "मजा आहे".

शेवटी मुलाला रोज बघणाऱ्या माणसाला दाखवा. काय बदललं आहे ते सांगू नका आणि 'हसू कसं वाटतंय?' असंही विचारू नका, त्याने नजर थेट तोंडावर जाते. नुसतं विचारा, 'हा फोटो कसा आला?' ते आजीच्या साडीबद्दल बोलायला लागले तर काम झालं. मुलाच्या चेहऱ्यावर नजर थांबली आणि भुवई हलली तर परत पहिल्या पायरीकडे.

वहिनींनी दुसऱ्या वेळी फोटो बघून विचारलं, "आजींचे डोळे यात उघडे कसे?" म्हणजे त्यांना आठवत होतं की मुलगा हसला तेव्हा आजीचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

## ७. फाइल ठेवताना

काम करायची फाइल `XCF` मध्ये सेव्ह करा, म्हणजे लेयर आणि मास्क जसेच्या तसे राहतात. छपाईसाठी वेगळी `JPEG` काढा. मूळ फोटोवर चुकूनही सेव्ह करू नका, आणि नावातच लिहून ठेवा कुठला कोणता, म्हणजे दहा वर्षांनी कोणाला शोधायला लागणार नाही. माझ्या फोल्डरमध्ये असं आहे:

```
kutumb_mul.jpg
kutumb_hasra_shot.jpg
kutumb_kaam.xcf
kutumb_badallela.jpg
```

पुतण्या आता सात वर्षांचा आहे. त्याला पहिली फाइल जास्त आवडते, कारण तिच्यात ते बूट दिसतात.